चटका की चमक?

गेल्या पावसाळ्यात मुलाची नोकरीची मुलाखत होती. आदल्या रात्री विजेचा लपंडाव चालला होता. वीज आली तशी मी घाईने त्याचा पांढरा सुती शर्ट इस्त्री केला आणि तीच तापलेली इस्त्री त्याच्या काळ्या पँटवर फिरवली. पिवळ्या दिव्यात काही दिसलं नाही. सकाळी खिडकीपाशी पँट धरली, तर दोन्ही खिशांच्या कडा, पट्ट्याचे लूप आणि चेनची पट्टी तेल चोळल्यासारखी चकाकत होती. मला वाटलं, पँट जळली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांकडे धावत गेले. त्यांनी पँट उजेडाकडे तिरकी धरली, त्या जागेवर नख घासलं आणि म्हणाले, "ताई, हे जळलेलं नाही. जळलं असतं तर मी हातही लावला नसता. ही चमक आहे. थोडी जाईल, थोडी राहील."

काकांनी एका वाक्यात जो फरक केला, तो आपण घरी सहसा करत नाही. इस्त्रीने कापड बिघडलं की आपल्या लेखी ते 'जळलं'. प्रत्यक्षात चटका आणि चमक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चटका बसतो तेव्हा धाग्याचा पदार्थच बदलतो. पोळी करपली की ती पुन्हा पोळी होत नाही, तसं. चमक येते तेव्हा पदार्थ तोच राहतो, फक्त त्याचा आकार दबतो. म्हणून चमकेवर कधीकधी उपाय चालतो आणि खऱ्या चटक्यावर चालत नाही. कुठल्या कापडाला काय होणार, हे त्याच्या धाग्यावर ठरतं. माझ्या त्या रात्रीच्या दोन कपड्यांचे धागे तर अगदी उलट्या स्वभावाचे होते.

आधी सुती शर्ट. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे लांबच लांब साखळ्या शेजारी शेजारी लागलेल्या आणि एकमेकींना हलकेच धरून ठेवलेल्या. शर्ट धुऊन पिळला की या साखळ्या वाकड्यातिकड्या होतात आणि तशाच वाळल्या की वाकड्याच अवस्थेत एकमेकींना पुन्हा धरतात. तीच सुरकुती. ती घालवायची तर ही पकड आधी सैल व्हायला हवी. ती सैल करणारी गोष्ट उष्णता आहे असं आपण धरून चालतो, पण कापसाच्या बाबतीत ते काम मुख्यतः पाणी करतं. पाण्याचे कण साखळ्यांच्या मध्ये शिरतात, पकड सुटते, कापड मऊ पडतं. इस्त्रीचा दाब ते सपाट करतो आणि उष्णता पाणी उडवून लावते. पाणी गेलं की साखळ्या नव्या, सरळ जागी एकमेकींना धरतात. कडक इस्त्री म्हणतात ती हीच.

अगदी कोरडा कापूस निव्वळ उष्णतेने मऊ करायचा तर तापमान २०० अंश सेल्सिअसच्याही पुढे न्यावं लागेल, आणि तिथे पोचेपर्यंत तो पिवळा पडायला लागलेला असेल. म्हणजे खडखडीत वाळलेल्या शर्टावर इस्त्री जोर लावून घासणं ही चटक्याचीच तयारी असते. सुरकुती जात नाही म्हणून आपण चकती आणखी पुढे फिरवतो, तीच जागा पुन्हा पुन्हा दाबतो आणि शेवटी सुरकुती तशीच राहून वर तांबूस छटा येते. काका कोळशाची इस्त्री वापरतात. तिला ना चकती आहे, ना दिवा. पण त्यांच्या शेजारी पाण्याचा डबा असतो आणि प्रत्येक सुती कपड्यावर हबका मारल्याशिवाय ते इस्त्री ठेवत नाहीत. या हबक्याचा दुसराही फायदा आहे. कापडात पाणी आहे तोवर त्या कापडाचं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, कारण येणारी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. वाफ यायची थांबली की त्या क्षणापासून कापड झपाट्याने तापू लागतं. म्हणून वाफ संपली की इस्त्री पुढे सरकली पाहिजे. इस्त्रीच्या चकतीवर 'कॉटन'पाशी जो २०० अंशांच्या आसपासचा आकडा असतो, तो कापूस मऊ करण्यासाठी नाही, पाणी लवकर पळवण्यासाठी आहे.

आता ती काळी पँट. बाजारात 'फॉर्मल' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा पँटी पॉलिस्टर आणि व्हिस्कोसच्या मिश्रणाच्या असतात, त्यात पॉलिस्टरचाच वाटा मोठा. पॉलिस्टरचा हा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी बनवला आणि पुढे 'टेरिलीन' या नावाने जगभर गेला. आपल्याकडच्या टेरिकॉट, टेरीवूल या शब्दांत त्याचंच नाव शिल्लक आहे. हा धागा पाणी जवळपास पितच नाही. नेहमीच्या हवेत शंभर ग्रॅम कापसात सात-आठ ग्रॅम ओलावा असतो, पॉलिस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही नसतो. त्यामुळे हबका मारून तो आतून मऊ होत नाही. तो मऊ होतो उष्णतेने, आणि फार लवकर. ८० अंशांच्या पुढे तो नरम पडू लागतो आणि २५० ते २६० अंशांना वितळतो. दीडशे अंशांच्या इस्त्रीखाली त्याच्या सुरकुत्या व्यवस्थित जातात. त्यापुढची उष्णता कामाची नसते, ती फक्त नुकसान करते.

माझी इस्त्री कॉटनवर होती, म्हणजे दोनशेच्या घरात. वितळण्याला अजून पन्नास अंश बाकी होते, म्हणून पँट चिकटली नाही की भोक पडलं नाही. पण धागा चांगलाच नरम झाला होता. मेणबत्ती वितळण्याआधी हाताने चेपता येते ना, तसा. पॉलिस्टरचा तंतू भिंगातून पाहिला तर बारीक दंडगोलासारखा दिसतो. अशा हजारो गोल तंतूंवर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून कापड मॅट दिसतं. नरम झालेल्या त्या गोल पाठी गुळगुळीत धातूखाली दाबल्या की सपाट होतात. मग उजेड विखुरत नाही, आरशासारखा एकाच दिशेला परततो. ही झाली चमक. त्यात बाहेरून काही लागलेलं नसतं, म्हणून साबणाने ती जात नाही.

पण मग पूर्ण पँट का चमकली नाही? फक्त कडा आणि लूपच का? याचं उत्तर साध्या भागाकारात आहे. घरातली बिनवाफेची इस्त्री समजा १२०० ग्रॅमची आहे आणि तिचा तळ २०० चौरस सेंटिमीटरचा. सपाट कापडावर ठेवली तर एका चौरस सेंटिमीटरवर ६ ग्रॅम भार येतो. तीच इस्त्री खिशावर आली की खाली चार-पाच पदर असतात. ती त्या उंचवट्यावर टेकते आणि बाकीचा तळ जवळपास अधांतरी राहतो. टेकलेली जागा ५ चौरस सेंटिमीटर धरली तर भार २४० ग्रॅम झाला, म्हणजे चाळीस पट. हाताचा जोर वेगळाच. म्हणून चमक नेहमी खिशाची कड, कॉलरची टोकं, बटणपट्टी, खालची दुमड आणि शिवणीची रेघ इथेच उमटते. काकांची पितळी इस्त्री पाच-सहा किलोंची. ते पँट नेहमी उलटी करून का घेतात, हे मला हा भागाकार केल्यावर कळलं.

काळ्या, नेव्ही ब्लू आणि गडद तपकिरी कपड्यांवरच चमक का दिसते, हाही प्रश्न येतोच. दबतात ते पांढऱ्या कापडाचे धागेही. पण पांढरं कापड आतून इतका उजेड परत पाठवतं की पृष्ठभागावरची थोडी जास्तीची झळाळी त्यात हरवून जाते. काळा रंग आत शिरलेला उजेड गिळतो. मग पृष्ठभागावरून परततो तेवढाच उजेड डोळ्यात येतो आणि तो लगेच खुपतो.

इथे एक गोष्ट बाजूला काढायला हवी. जुन्या पँटची बैठक आणि कोटाची कोपरं चकाकतात, ती इस्त्रीची करणी नसते. रोजच्या घासण्याने वरचे तंतू झिजून गुळगुळीत होतात. त्याचा दोष इस्त्रीवाल्याला देऊ नये.

चमकेकडून पुन्हा चटक्याकडे. कापूस वितळत नाही. तापवत गेलं की त्याच्या साखळ्यांमधून पाण्याचा अंश निघून जातो, हवेतल्या ऑक्सिजनने त्या जागोजाग तुटतात आणि उरलेल्या भागाला आधी पिवळा, मग तपकिरी रंग चढतो. रंग दिसण्याआधीच मजबुती कमी व्हायला लागते. म्हणून एखादा शर्ट वरून चांगला दिसतो आणि दोन धुण्यांनंतर कॉलरच्या मागे, जिथे इस्त्री नेहमी रेंगाळते तिथेच, फाटतो. यात तापमानाइतकाच वेळ महत्त्वाचा आहे. दोनशे अंशांची इस्त्री ओलसर सुती कापडावरून सरकत गेली तर काही होत नाही. तीच फोन घ्यायला म्हणून कापडावर टेकवून ठेवली तर तिचा त्रिकोणी शिक्का उमटतो.

कधीकधी मात्र जळलेलं काहीतरी वेगळंच असतं. खळ घातलेल्या कपड्यावर उमटलेला तपकिरी डाग बऱ्याचदा कापसाचा नसून खळीचा असतो. खळ म्हणजे पिठूळ पदार्थ, तो कापसाच्या आधी तांबूस होतो आणि इस्त्रीच्या तळालाही चिकटतो. असा डाग धुण्यात निघून जातो. त्याचप्रमाणे नीट न खंगाळलेला साबण, घामाचे क्षार, सरबताचा वाळलेला थेंब, ही सगळी मंडळी शर्टाच्या आधी रंग बदलतात. स्वच्छ वाटणाऱ्या शर्टाच्या काखेत इस्त्री फिरवल्यावर पिवळा डाग 'उमटतो' तो यामुळे. म्हणून मळका कपडा केवळ इस्त्री करून आणखी एक दिवस वापरू नये. इस्त्री त्यातला मळ पक्का करते.

आता आकडे. कपड्याच्या लेबलवर इस्त्रीचं चित्र असतं आणि त्यात ठिपके. एक ठिपका म्हणजे तळाचं तापमान साधारण ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००, आणि फुली म्हणजे इस्त्री नकोच. कापूस आणि लिनन तीन ठिपक्यांत. लोकर, रेशीम, पॉलिस्टर दोन ठिपक्यांत. नायलॉन आणि अ‍ॅक्रिलिक एका ठिपक्यात. व्हिस्कोस म्हणजे रेयॉन, तो जातीने कापसाचा भाऊ असला तरी ओला झाला की अशक्त होतो आणि लवकर चमकतो, म्हणून त्याला दोनच ठिपके द्यावेत आणि उलट्या बाजूने इस्त्री करावी. मिश्र कापडात सगळ्यात नाजूक धाग्याचं ऐकायचं. टेरिकॉटमध्ये कापूस कितीही असला तरी चकती पॉलिस्टरवरच ठेवायची.

हे आकडे घरच्या इस्त्रीवर ढोबळच राहतात. चकतीखाली दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापली की ती वाकते आणि वीज तोडते, निवाली की पुन्हा जोडते. त्यामुळे तळ एका आकड्यावर स्थिर न राहता वरखाली होत राहतो आणि पहिल्यांदा तापताना ठरवलेल्या आकड्याच्या बराच वर उडी मारतो. दिवा पहिल्यांदा विझला की आपण इस्त्री उचलतो, नेमकी तेव्हा ती सगळ्यात अविश्वासू असते. नाजूक कपडा असेल तर दिवा दुसऱ्यांदा विझेपर्यंत थांबावं. चकती मागे फिरवली म्हणजे तळ लगेच थंड होतो असंही नाही. धातूला निवायला कित्येक मिनिटं लागतात. माझी चूक झाली ती इथे. शर्ट झाल्यावर मी चकती मागे फिरवली होती, पण थांबले नव्हते. क्रम उलटा ठेवला तर हा प्रश्नच उरत नाही. आधी नायलॉन आणि सिंथेटिक, मग रेशीम-लोकर, शेवटी सुती. तापत जाणाऱ्या इस्त्रीसोबत आपण वर चढत जायचं.

तळ किती तापलाय याचा जुना अंदाज पाण्याच्या थेंबाचा. ओल्या बोटाने थेंब उडवला आणि तो जागीच चर्र करून विरला, तर तळ शंभराच्या वर आहे पण फार वर नाही. थेंब गोळी होऊन नाचत पळाला, तर त्याच्याखाली वाफेची गादी तयार झाली आहे आणि तळ दोनशेच्या आसपास किंवा पुढे गेला आहे. नाचरा थेंब दिसला की पॉलिस्टर बाजूला ठेवावं.

लेबल कापून टाकलेलं असेल तर? आतल्या शिवणीतून दोन-तीन दोरे ओढून चिमट्यात धरावेत आणि मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्यावेत, खाली पाण्याची ताटली ठेवून. कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे कापूस, लिनन किंवा व्हिस्कोस. केस जळल्याचा वास आणि चुरडली जाणारी काळी गाठ म्हणजे लोकर किंवा रेशीम. दोरा ज्योतीपासून आखडून घेतो, वितळतो आणि निवाल्यावर टणक मणी होतो, म्हणजे सिंथेटिक. मिश्र कापडात राख आणि मणी दोन्ही मिळतात.

लोकर आणि रेशीम हे प्राण्यांचे धागे, म्हणजे प्रथिनं. केसांच्याच नात्यातले. कोरडी गरम इस्त्री त्यांना ठिसूळ आणि पिवळं करते. लोकरीवर ओलसर मलमल पसरून, इस्त्री घासण्याऐवजी ठेवत आणि उचलत न्यावी. रेशमावर मात्र हबका मारू नये, थेंबाचे गोल डाग राहतात. पैठणीला उलट्या बाजूने, वर कोरडी मलमल टाकून इस्त्री करतात ती रेशमाइतकीच जरीसाठी. आणि हल्लीच्या स्वस्त साड्यांतली जर बहुधा चकचकीत प्लॅस्टिकच्या फितीची असते. ती सुती साडीत विणलेली असली तरी कापसाच्या उष्णतेला आखडते, त्यामुळे साडी सुती म्हणून काठावर गरम इस्त्री टेकवू नये.

झालेल्या नुकसानाचं काय? सुती पांढऱ्या कपड्यावर फिकट पिवळी छटा आली असेल, तर तो गार पाण्यात खंगाळावा. मग औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड डागावर लावून कपडा उन्हात ठेवावा आणि पुन्हा धुवावा. एकदोनदा केल्यावर छटा बरीच उतरते. रंगीत कपड्यावर हा प्रयोग केला तर मूळ रंगही उतरू शकतो. डाग तपकिरी असेल, बोटांखाली कडक लागत असेल, तर तिथला धागा मेला आहे. त्याला रंगहीन करता येईल, जिवंत करता येणार नाही. इस्त्रीच्या तळाला वितळलेलं नायलॉन चिकटलं तर पॅरासिटामॉलची गोळी घासण्याचा तोडगा घरोघरी माहीत आहे. तो चालतो, कारण ती गोळी सुमारे १७० अंशांना वितळते आणि मळ सोबत घेऊन येते. पण धूर होतो आणि बोटं भाजतात. गोळी चिमट्याने धरावी, खिडकी उघडी ठेवावी आणि नंतर तळ जुन्या सुती फडक्यावर दोनदा पुसून मगच कपड्याला लावावा.

चमकेसाठी काकांनी जे केलं, ते मी शेजारी उभं राहून पाहिलं. त्यांनी धोतराचा जुना तुकडा पाण्यात बुडवून घट्ट पिळला आणि खिशाच्या कडेवर पसरला. इस्त्री त्यावर जेमतेम टेकवली, दाबली नाही. भसकन वाफ आली तसा तुकडा उचलला आणि गरम, दमट कापडावर कपड्यांचा ब्रश भराभर उलटसुलट फिरवला. हे चार-पाच वेळा. दबलेले तंतू वाफेत थोडे फुगतात आणि ब्रश त्यांना उभे करतो. लोकरीला हा उपाय सगळ्यात चांगला लागू पडतो. सुती कापडाची चमक तर बहुतेक वेळा नुसती भिजवून वाळवली तरी कमी होते. पॉलिस्टरमध्ये मात्र शंभर अंशांच्या वाफेने दोनशे अंशांना बसलेला आकार पुरता सुटत नाही. आमच्या पँटमधला व्हिस्कोस हलला, पॉलिस्टर अडून बसला. लूपवरची चमक जवळजवळ गेली, उजव्या खिशाची निम्मी गेली, डाव्या खिशाची तशीच राहिली.

मग काकांनी पँट उलटी केली, खिशाचं अस्तर बाहेर ओढलं, शिवणीच्या पदरांखाली जाड खाकी कागदाची पट्टी सरकवली, म्हणजे वळ पुढच्या बाजूला उमटू नये, आणि ओल्या फडक्यावरून क्रीज मारून दिली. वर म्हणाले, "लगेच घालू नका, दहा मिनिटं लटकू द्या. गरम आहे तोवर ती मऊ आहे, बसली की पुन्हा चुरगळेल." हेही पॉलिस्टरच्या स्वभावाला धरूनच होतं. निवेपर्यंत त्याचा आकार पक्का होत नाही.

मुलगा शर्ट बाहेर सोडून मुलाखतीला गेला. पँट अजून वापरात आहे, डाव्या खिशाची कड अजून चमकते आणि आमच्या घरी सुती कपडे आता सगळ्यात शेवटी घेतले जातात.